आर्मेनियन आणि जॉर्जियन : दोन ओळींच्या निरोपात काय तपासायचं?

समजा, इचलकरंजीतल्या एका कापड कारखानदाराला येरेवान आणि त्बिलिसी इथून एकेक ऑर्डर मिळाली. माल रवाना झाला. आता दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांना फोनवर छोटासा निरोप पाठवायचा आहे : ‘तुमची ऑर्डर पाठवली आहे. पैसे कधी भराल?’ तिकडच्या दुकानात हिशेब सांभाळणाऱ्या माणसाला इंग्रजी येत असेलच असं नाही, म्हणून निरोप त्यांच्याच भाषेत जावा असं मालकाने ठरवलं. भाषांतरकाराकडून दोन ओळी आल्या. आर्मेनियातल्या गिऱ्हाइकासाठी :

Ձեր պատվերն ուղարկված է։ Ե՞րբ կկատարեք վճարումը։

आणि जॉर्जियातल्या गिऱ्हाइकासाठी :

თქვენი შეკვეთა გაგზავნილია. როდის გადაიხდით თანხას?

मालकाला यातलं एकही अक्षर वाचता येत नाही. अशा वेळी बहुतेक जण भाषांतरकारावर भरवसा ठेवून मजकूर पुढे ढकलतात. भरवसा ठेवायलाच हवा, पण भाषांतरकाराच्या हातून निघालेला मजकूर गिऱ्हाइकाच्या फोनवर पोचेपर्यंत तीन-चार हातांतून आणि तितक्याच सॉफ्टवेअरमधून जातो. बिघाड बहुधा त्या प्रवासात होतो. तो अर्थाचा नसतो, अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा असतो, आणि म्हणूनच भाषा न येणाऱ्या माणसालाही तो पकडता येतो. लांबलचक पत्रात एखादं अक्षर चुकलं तर मागच्या-पुढच्या वाक्यांवरून वाचणारा सावरून घेतो. सहा-सात शब्दांच्या निरोपात सावरायला जागाच नसते. त्यात प्रश्न पैशांचा असेल, तर चुकलेली ओळ पाहून गिऱ्हाईक पहिली शंका घेतो ती फसवणुकीची.

योग्य लिपी योग्य गावाला

दोन्ही देश कॉकेशसच्या डोंगराळ भागातले सख्खे शेजारी, पण त्यांच्या भाषांचं एकमेकींशी नातं नाही. आर्मेनियन ही मराठीप्रमाणेच इंडो-युरोपियन कुळातली, तर जॉर्जियन कार्तवेलियन नावाच्या अगदी वेगळ्या कुळातली. लिप्याही वेगळ्या. आर्मेनियन लिपी मेस्रोप माश्तोत्स या धर्मपंडिताने इ. स. 405च्या सुमारास घडवली. तेव्हा तिच्यात 36 अक्षरं होती, मध्ययुगात आणखी दोन आली. जॉर्जियन भाषेच्या इतिहासात तीन लिप्या झाल्या. त्यांतल्या दोन आज मुख्यतः चर्चच्या वापरात आहेत आणि रोजच्या व्यवहारात चालते ती तिसरी, 33 अक्षरांची, म्खेद्रुली. या तिन्ही लिप्यांच्या जिवंत परंपरेची युनेस्कोने 2016 मध्ये सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली.

नजरेने फरक ओळखणं सोपं आहे. जॉर्जियन अक्षरं गोलसर, वळणावळणाची असतात आणि त्यांत इंग्रजीसारखी मोठी-लहान अशी जोडी नसते. आर्मेनियन अक्षरांत उभ्या सरळ रेघा आणि आकडे दिसतात, आणि वाक्याची सुरुवात मोठ्या अक्षराने होते. वरच्या दोन ओळी एकदा एकमेकींखाली ठेवून पाहिल्या, की पुन्हा गल्लत होत नाही. दोन्ही लिप्या डावीकडून उजवीकडे चालतात आणि दोन्हींत स्वरांना स्वतंत्र अक्षरं आहेत, त्यामुळे देवनागरीत कधीकधी होतात तसे मात्रा सुटण्याचे किंवा जोडाक्षर फुटण्याचे प्रकार इथे नसतात.

गल्लत होते ती संगणकातल्या भाषेच्या खुणेत. आर्मेनियन भाषेची खूण hy आहे. पण आर्मेनिया देशाची खूण AM आहे, आणि भाषांच्या यादीत am म्हणजे इथिओपियातली अम्हारिक. देशाची खूण पाहून भाषा निवडणाऱ्या माणसाच्या हातून आर्मेनियन गिऱ्हाइकाला इथिओपियाच्या लिपीतला निरोप जाऊ शकतो. जॉर्जियन भाषेची खूण ka आहे आणि देशाची GE. गाड्यांच्या नंबरप्लेटवरचं कर्नाटकाचं KA आपल्या डोळ्यांत इतकं बसलेलं असतं, की आपल्याकडच्या माणसाला ka म्हणजे कन्नड वाटू शकतं. कन्नडची खूण kn आहे.

आर्मेनियनच्या बाबतीत आणखी एक प्रश्न आधीच विचारायला हवा : गिऱ्हाईक कुठला? आर्मेनिया देशात पूर्व आर्मेनियन चालते आणि तिचं शुद्धलेखन सोव्हिएत काळात, 1922 मध्ये, बदललं गेलं. लेबनॉन, सिरिया, फ्रान्स अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले आर्मेनियन पश्चिम आर्मेनियन बोलतात आणि जुनं शुद्धलेखन पाळतात. तिची खूण hyw अशी वेगळी आहे. हा फरक नुसत्या उच्चाराचा नाही. आपल्या निरोपातल्या կկատարեք या क्रियापदाच्या सुरुवातीचा կ पूर्व आर्मेनियनमध्ये भविष्यकाळ दाखवतो : ‘कराल’. पश्चिम आर्मेनियनमध्ये जवळपास हीच खूण, կը, वर्तमानकाळ दाखवते : ‘करता’. पैसे भरण्याच्या निरोपात हा फरक किती महत्त्वाचा आहे ते सांगायला नको. येरेवानच्या दुकानदाराला पूर्व आर्मेनियन आणि बैरूतच्या दुकानदाराला पश्चिम आर्मेनियन, हे भाषांतरकाराला काम देतानाच सांगायचं.

शब्दाच्या पोटातलं प्रश्नचिन्ह

आता आर्मेनियन ओळ जरा बारकाईने पाहू. आपल्याकडच्या माणसाला ती चुकीची छापल्यासारखी वाटते. वाक्य संपतं तिथे पूर्णविरामाऐवजी विसर्गासारखे दोन ठिपके आहेत. शेवटी प्रश्नचिन्ह नाही. उलट दुसऱ्या वाक्यातल्या पहिल्या शब्दाच्या मधोमध, पहिल्या अक्षरानंतर, वर एक छोटं वळण दिसतं. पण ओळ बरोबर आहे, अगदी तंतोतंत.

आर्मेनियनमध्ये वाक्य ։ या चिन्हाने संपतं. युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक U+0589 आहे. ते इंग्रजी कोलनसारखं दिसत असलं तरी वेगळं चिन्ह आहे. आपल्या ओळखीचा एक ठिपका तिथे वाक्याच्या मध्ये येतो, आपल्या अर्धविरामासारखा. म्हणून एखाद्या काळजीवाहू मदतनिसाने ‘चूक दुरुस्त’ करून शेवटी एक ठिपका टाकला, तर वाचणाऱ्याला वाटतं की वाक्य अजून संपलेलं नाही, पुढचा मजकूर तुटला असावा.

प्रश्नचिन्हाचा नियम तर आणखी छान आहे. आर्मेनियनमध्ये ते वाक्याच्या शेवटी येत नाही. ज्या शब्दावर प्रश्नाचा जोर असतो, त्या शब्दाच्या आघात असलेल्या स्वरावर ते येतं. ‘कधी’ या अर्थाचा शब्द երբ. त्यातला स्वर पहिलाच, ե. म्हणून चिन्ह त्याच्या लगेच पुढे : Ե՞րբ. उद्गारचिन्हही असंच शब्दात येतं. हा नियम माहीत नसलेला संपादक शब्दात घुसलेलं ते ‘काहीतरी’ पुसून टाकतो आणि वाक्याच्या शेवटी ? लावतो. गिऱ्हाइकाला अर्थ कळतो, पण मजकूर आर्मेनियन वाचता न येणाऱ्या कुणाच्या तरी हातून गेला आहे, हेही त्याच क्षणी कळतं.

यातून मालकासाठी एक साधी परीक्षा मिळते. आर्मेनियन मजकूर स्क्रीनवर उघडून ‘शोधा’च्या चौकटीत आधी ?, मग ! टाइप करायचं. ही चिन्हं आर्मेनियन मजकुरात सापडायलाच नकोत. सापडली तर मजकूर भाषांतरकाराकडे परत पाठवायचा. नंतर इंग्रजी कोलन शोधायचा. आर्मेनियातले लोकही फोनवर घाईत ։ ऐवजी कोलन टाइप करतात आणि वाचणारा ते चालवून घेतो, पण छापील बिलात किंवा कंपनीच्या ठरलेल्या निरोपात खरं चिन्हच हवं. जॉर्जियनमध्ये यातलं काहीच लागू नाही. तिथे पूर्णविराम, प्रश्नचिन्ह आणि कोलन आपल्यासारखेच आणि आपल्याच जागी असतात. म्हणून आर्मेनियनची परीक्षा जॉर्जियनला लावायची नाही.

कोलनमुळे आणखी एक घोळ होतो. आपण बिलात ‘रक्कम : 48,000’ असं लिहितो. आर्मेनियनमध्ये कोलन तसाच ठेवला, तर तो पूर्णविरामासारखा वाचला जातो : ‘रक्कम.’ आणि मग सुटा आकडा. आर्मेनियन माणूस अशा ठिकाणी ՝ ही खूण वापरतो : Գումարը՝ 48 000 դրամ. जोडाक्षराशिवायच्या या भाषेत ही बारीक तिरपी रेघ पुष्कळ काम करते, आणि नेमकी हीच रेघ कॉपी करताना गळते किंवा तिची जागा इंग्रजी अवतरणचिन्ह घेतं. ‘लेबल आणि पुढे आकडा’ अशा धाटणीची ओळ असेल, तर ती रेघ जागेवर आहे का, हे एकदा नजरेखालून घालायचं.

मोठी अक्षरं करू नयेत

ईमेलचा विषय किंवा बिलाचा मथळा ठसठशीत दिसावा म्हणून सॉफ्टवेअर आपोआप मोठी अक्षरं करतं. इंग्रजीत याने काही बिघडत नाही. या दोन लिप्यांत बिघडतं, आणि दोन वेगळ्या कारणांनी बिघडतं.

आर्मेनियनमध्ये ‘आणि’ या अर्थाचा և हा एक जोडवजा अक्षरप्रकार आहे. येरेवान हे गावाचं नावही Երևան असं त्याच अक्षराने लिहितात. और मोठ्या अक्षरात त्याचे दोन तुकडे होतात. आर्मेनियातल्या आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे ԵՎ, म्हणजे गावाचं नाव ԵՐԵՎԱՆ. पण युनिकोडच्या मूळ नियमाप्रमाणे चालणारं सॉफ्टवेअर ԵՒ करतं, आणि पाटीवर ԵՐԵՒԱՆ येतं. हे जुन्या शुद्धलेखनातलं रूप आहे. पश्चिम आर्मेनियन वाचणाऱ्याला ते बरोबर वाटेल, येरेवानमधल्या माणसाला मात्र स्वतःच्या गावाचं नाव चुकलेलं दिसेल. वर म्हटलेली hy ही खूण मजकुराला नीट लावलेली असेल, तर नवं सॉफ्टवेअर योग्य रूप निवडू शकतं. जुन्यावर भरवसा ठेवता येत नाही.

जॉर्जियनची गोष्ट वेगळी. त्यात मोठी-लहान अशी अक्षरं नाहीत. वाक्य जसं सुरू होतं तसंच चालतं, माणसांची आणि गावांची नावंही त्याच अक्षरांत. मथळ्यासाठी मात्र सगळी अक्षरं एका उंचीची करून लिहिण्याची एक पद्धत छपाईत आहे, तिला म्ताव्रुली म्हणतात. 2018 मध्ये, युनिकोडच्या 11व्या आवृत्तीत, या म्ताव्रुली अक्षरांना स्वतंत्र जागा मिळाली. तेव्हापासून ‘मोठी अक्षरं करा’ म्हटलं, की संगणक जॉर्जियन मजकुराची म्ताव्रुली अक्षरं करतो. गिऱ्हाइकाचा फोन जुना असेल, तर त्याच्या फॉन्टमध्ये ही अक्षरं नसतात आणि मथळ्याच्या जागी रिकाम्या चौकटींची रांग दिसते. त्याहून वाईट म्हणजे वाक्यातलं फक्त पहिलं अक्षर मोठं करणारी सोय. თბილისი हे बरोबर. त्यातलं पहिलंच अक्षर म्ताव्रुलीत बदललं तर जे तयार होतं ते जॉर्जियनमध्ये कुणी लिहीतच नाही.

उपाय एकच, दोन्हींसाठी सारखा : निरोपाच्या साच्यात मोठी अक्षरं करण्याची सोय बंद करायची. मथळा मोठ्या अक्षरांत हवाच असेल, तर तो भाषांतरकाराने तसा लिहून द्यायचा, संगणकाने करायचा नाही.

घुसखोर अक्षरं

आर्मेनियनमधली काही अक्षरं इंग्रजीसारखी दिसतात आणि आवाज भलताच देतात. ս दिसतं u सारखं, पण उच्चार ‘स’. ո दिसतं n सारखं, पण ते स्वराचं अक्षर आहे. մ, հ, ց, զ, յ ही पाहिली की ओळखीची वाटतात, त्यातलं հ तर h सारखंच दिसतं आणि आवाजही ‘ह’चा देतं. कीबोर्ड बदलायला विसरून कुणी एखादं अक्षर इंग्रजीतून टाइप केलं, तर डोळ्यांना पत्ता लागत नाही. वाचणारा माणूसही चटकन ओळखत नाही. पण गिऱ्हाइकाने तो शब्द शोधला, किंवा त्याच्या बँकेच्या संगणकाने नाव जुळवून पाहिलं, तर ते जुळत नाही. ‘नाव खात्याशी जुळत नाही’ म्हणून पैसे अडकण्यामागे एवढंसं अक्षर असू शकतं.

हे शोधण्याची युक्तीही ‘शोधा’च्या चौकटीतच आहे. इंग्रजी कीबोर्ड लावून u, n, o, h, g, q, j ही अक्षरं एकेक करून शोधायची. मजकुरात कंपनीचं नाव किंवा वेबसाइटचा पत्ता सोडून दुसरं काही उजळलं, तर तो घुसखोर. या परीक्षेला आर्मेनियन यावं लागत नाही, दोन मिनिटं लागतात.

आर्मेनियनच्या स्वतःच्या अक्षरांतही जुळे आहेत. դ आणि ղ यांच्यातला फरक तळाशी असलेल्या एका छोट्या फाट्याचा, पण पहिलं ‘द’ आणि दुसरं घशातून येणारं ‘घ’सारखं. ր आणि ը यांचंही तसंच. आपल्या निरोपात ուղարկված हा शब्द ղ ने आहे. छापील कागदावरून पुन्हा टाइप करून घेताना याच जागी चूक होते. म्हणून मजकूर कधीही पुन्हा टाइप करून घ्यायचा नाही. चित्राच्या रूपात आला असेल तर अक्षरांच्या रूपात मागवायचा.

जुन्या फायलींबद्दल मराठी माणसाला फार समजावून सांगावं लागणार नाही. श्रीलिपीत केलेली फाइल फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की देवनागरीच्या जागी काय दिसतं, ते आपल्याकडच्या प्रत्येक छापखान्याने पाहिलं आहे. जॉर्जियनमध्येही युनिकोड येण्यापूर्वी AcadNusx सारखे फॉन्ट चालत, ज्यात आत इंग्रजी अक्षरं असत आणि वर जॉर्जियन दिसे. आर्मेनियनसाठी ArmSCII नावाची जुनी पद्धत होती. एखाद्या जुन्या बिलातून गिऱ्हाइकाचा पत्ता कॉपी करताना असा मजकूर आजही हाती लागतो. पत्ता पेस्ट केल्यावर अर्थहीन इंग्रजी अक्षरं दिसली, तर फॉन्ट बदलून झाकायचं नाही. ती अक्षरं मुळातच चुकीची आहेत आणि दुसऱ्याच्या फोनवर तशीच दिसणार आहेत.

नाव आणि मान

आता निरोपाच्या सुरुवातीला नाव घालायचं आहे. इथे मराठी कानाला एक सोय आहे. त, थ आणि द हे तीन वेगळे आवाज आपल्याला लहानपणापासून ऐकू येतात. जॉर्जियनमध्येही अशीच तिहेरी मांडणी आहे : დ म्हणजे ‘द’, თ म्हणजे हवा सोडून म्हटलेला, ‘थ’च्या जवळचा आवाज, आणि ტ म्हणजे घसा क्षणभर आवळून म्हटलेला ‘त’. क आणि प यांच्याही अशाच जोड्या आहेत. इंग्रजी अक्षरांत मात्र თ आणि ტ दोन्ही बहुधा t ने लिहिली जातात. त्यामुळे Tamar असं इंग्रजीत आलेलं नाव जॉर्जियनमध्ये परत लिहिताना अंदाज करायचा नाही. ते თამარ असं თ ने लिहितात, ტ ने लिहिलं तर चूक. याउलट आपली नावं तिकडे नेताना, परक्या भाषेतल्या t, k, p साठी ტ, კ, პ वापरण्याची रूढी आहे. पाकिस्तानचं जॉर्जियन रूप პაკისტანი, त्यात ही तिन्ही अक्षरं एकदम सापडतात.

त्याच शब्दाच्या शेवटी एक ი, म्हणजे ‘इ’, आहे. व्यंजनाने संपणाऱ्या परक्या नावाला जॉर्जियन भाषा हा स्वर जोडते. शेक्सपिअर तिथे შექსპირი होतो. म्हणून ‘पाटील’चं პატილი झालेलं दिसलं, तर ते कुणी बिघडवलं म्हणून तो स्वर खोडायचा नाही.

आर्मेनियन नावांत पूर्व-पश्चिम फरक आड येतो. Պետրոս हे एकच लिहिलेलं नाव येरेवानचा माणूस पेत्रोस म्हणतो आणि पश्चिम आर्मेनियन बोलणारा बेद्रोस. ईमेलमध्ये Bedros दिसलं म्हणून ‘ब’चं अक्षर शोधून लिहिलं, तर नाव चुकतं. दोन्ही भाषांसाठी नियम एकच : गिऱ्हाइकाने आपल्या सहीखाली किंवा बिलावर स्वतःच्या लिपीत नाव लिहिलेलं असतं, ते तिथून जसंच्या तसं उचलायचं. नसेल तर विचारायचं. कुणालाही आपलं नाव नीट लिहिलेलं आवडतं, आणि विचारलं म्हणून कुणी रागावत नाही.

मान देण्याची रीतही लिपीशी जोडलेली आहे. आर्मेनियन पत्रव्यवहारात ‘तुम्ही’, ‘तुमचं’ हे शब्द आदराने मोठ्या अक्षराने लिहितात. आपल्या ओळीची सुरुवात Ձեր ने झाली आहे. तो शब्द वाक्याच्या मध्ये आला तरी पहिलं अक्षर मोठंच ठेवायचं. जॉर्जियनला मोठी अक्षरं नाहीत, तिथे आदर क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरात असतो. გადაიხდით म्हणजे ‘भराल’. शेवटचा თ गळला की გადაიხდი, म्हणजे ‘भरशील’. मजकूर चौकटीत मावत नाही म्हणून शेवटचं अक्षर कापलं गेलं, तर व्यापारी थेट गिऱ्हाइकाला अरेतुरे करू लागतो. म्हणून पाठवलेल्या आणि पोचलेल्या मजकुरातली शेवटची अक्षरं ताडून पाहणं फुकट जात नाही. जॉर्जियनमध्ये आदरार्थी ბატონო हा शब्द आडनावापेक्षा पहिल्या नावासोबत सहज येतो, ‘ბატონო გიორგი’ असा. माधवराव म्हणणाऱ्या मराठी माणसाला ही रीत परकी वाटायची नाही.

लांबी आणि आकडा

साधा एसएमएस इंग्रजीत 160 अक्षरांचा असतो. मराठीप्रमाणेच आर्मेनियन किंवा जॉर्जियन अक्षर आलं की ही मर्यादा 70वर येते, आणि निरोप त्याहून मोठा झाला की त्याचे 67-67 अक्षरांचे तुकडे होतात, प्रत्येकाचे पैसे वेगळे. आपली आर्मेनियन ओळ मोजली तर, मोकळ्या जागा आणि चिन्हं धरून, 48 भरते. ‘प्रिय ग्राहक’ या अर्थाचं Հարգելի հաճախորդ, पुढे लावलं, तर 66. एका निरोपात मावलं. जॉर्जियन ओळ 51 भरते. तिच्यापुढे त्याच अर्थाचं პატივცემულო მომხმარებელო, लावलं की 77 होतात, म्हणजे दोन निरोप. ბატონო გიორგი, लावलं तर 66, म्हणजे एकच. नाव घालणं इथे आपुलकीचंही आहे आणि स्वस्तही. फक्त नावं कमी-जास्त लांबीची असतात, म्हणून मोजणी सर्वांत लांब नाव धरून करायची.

आकड्यांत धोका आणखी मोठा आहे. आर्मेनिया आणि जॉर्जिया या दोन्ही देशांत दशांशाची खूण स्वल्पविराम आहे आणि हजारांसाठी मोकळी जागा सोडतात. आपण 1,250 लिहिलं तर तिकडचा माणूस ते सव्वा असं वाचू शकतो. 1,25,000 हे आपलं लाखाचं लेखन तर त्याला उलगडणारच नाही. म्हणून 1 250 असं लिहायचं, आणि मधली मोकळी जागा ओळ न तोडणारी असावी, नाहीतर 1 एका ओळीत आणि 250 दुसऱ्या ओळीत जातं. द्राम आणि लारी या चलनांना ֏ आणि ₾ अशा स्वतंत्र खुणा आहेत, पण त्या युनिकोडमध्ये अनुक्रमे 2012 आणि 2015 मध्ये आल्या, त्यामुळे जुन्या फोनवर चौकट दिसू शकते. դրամ आणि ლარი असे शब्द लिहिले की प्रश्न मिटतो. आकड्यानंतर हे शब्द एकवचनीच राहतात, अनेकवचन करण्याच्या भानगडीत पडायचं नाही.

पाठवण्याआधी

आता मालकाच्या हातात काम स्पष्ट आहे. आधी गाव आणि लिपी जुळते का ते पाहायचं. मग आर्मेनियन मजकुरात ?, ! आणि इंग्रजी अक्षरं शोधायची. मोठी अक्षरं करण्याची सोय बंद आहे याची खात्री करायची. नाव गिऱ्हाइकाच्या सहीवरून उचललं आहे का, आकडा तिकडच्या पद्धतीने लिहिला आहे का, अक्षरं 70च्या आत आहेत का, हे बघायचं. शेवटी तोच निरोप आधी स्वतःच्या फोनवर मागवून मूळ मजकुराशेजारी ठेवायचा आणि शब्दामागून शब्द ताडायचा.

जे आपल्याला तपासता येत नाही ते भाषा बोलणाऱ्या दुसऱ्या माणसाकडे न्यायचं, मूळ भाषांतरकाराकडे नव्हे. त्याला मूळ मराठी किंवा इंग्रजी दाखवायचं नाही. फक्त विचारायचं : हा निरोप तुम्हाला आला तर तुम्ही काय कराल? ‘माल निघाला आहे, पैसे कधी देणार ते कळवेन’ असं उत्तर आलं तर निरोप नीट आहे. ‘कोणीतरी रागावून पैसे मागतंय’ असं उत्तर आलं, तर अक्षरं बरोबर असूनही सूर चुकला आहे आणि भाषांतरकाराशी पुन्हा बोलायला हवं. असा वाचक मिळवणं आता फार अवघड राहिलेलं नाही. त्बिलिसी आणि येरेवान इथे वैद्यकीय शिक्षण घेणारे पुष्कळ भारतीय विद्यार्थी आहेत, त्यांच्या घरमालकांपासून सहाध्यायांपर्यंत ओळखी निघतात. वाचून देणाऱ्याला त्याचा मोबदला द्यावा, कारण तो तुमच्या नावाची राखण करतो आहे.

एकदा मंजूर झालेला मजकूर एका फाइलमध्ये जपून ठेवायचा आणि दर वेळी तिथूनच कॉपी करायचा. त्यात एक ठिपकाही हलवायचा असेल, तर तो भाषांतरकाराला विचारूनच हलवायचा. तिकडच्या भाषेत तो ठिपका अख्खं वाक्य संपवत असतो किंवा अर्धवट सोडत असतो, आणि यातलं कोणतं घडतंय हे इथे बसून आपल्याला दिसत नाही.